पाहा, झटका, पुसा : कसर, डांबरगोळी आणि आपलं पडिलेहण



काही वर्षांपूर्वी ज्ञानपंचमीच्या आदल्या दिवशी जव्हारच्या घरातली जुनी पत्र्याची पेटी उघडली. ज्ञानपूजेसाठी सासूबाईंना त्यांचं लोकरीचं कटासणं हवं होतं. कटासण्याची एक कड चाळणीसारखी झाली होती. त्याखाली घडी केलेली काश्मिरी शाल होती, तिला मुगाएवढी सात-आठ भोकं पडलेली. सगळ्यांत खाली आजेसासूबाईंची जांभळी रेशमी साडी. तिच्या निऱ्यांच्या घडीत चार भोकं होती, आणि पदराची जर मधोमध काळी पडली होती.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "अगं, साडी गेली त्याचं जाऊ दे. पण ज्या कटासण्यावर मी सामायिक करते, त्यात जीव पडले. ते माझ्या निष्काळजीपणाने पडले ना?"

त्या प्रश्नामुळे मी या विषयाचा माग काढायला लागले. आपल्या पणजीच्या काळी कपडे कसे राखत होते, मध्ये काय बदललं, आणि आपल्या घरात काय चुकलं, हे सगळं हळूहळू उलगडत गेलं. तेच आज लिहिते आहे.

आधी त्या जिवाची ओळख करून घेऊ. आपण सगळ्यालाच "कसर लागली" म्हणतो, पण लोकर-रेशीम खाणारे जीव मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे कसरीचा पतंग. तो जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा आणि फिक्या सोनेरी किंवा मातकट रंगाचा असतो. दिव्याकडे झेपावणारे पतंग वेगळे. हा उजेडापासून पळतो आणि घडीत लपतो. मोठा झालेला पतंग काहीच खात नाही. खाते ती त्याची पांढरट अळी. एका जातीची अळी तर खाल्लेल्या लोकरीचीच छोटी पिशवी विणून ती अंगावर घेऊन फिरते. आपल्या भिंतींवर भोपळ्याच्या बीसारखी राखाडी चपटी पिशवी सरकताना दिसते ना, ती याच कुळातली.

दुसरा म्हणजे गालिच्याचा किडा. हा लहानसा भुंगेरा असतो, मोहरीहून थोडा मोठा, गोलसर, बहुतेकदा पाठीवर ठिपके असलेला. मोठेपणी तो फुलांतला पराग खातो, म्हणून खिडकीच्या काचेवर किंवा फुलांच्या परडीत सापडतो. कपडे खाते ती त्याची केसाळ, तपकिरी अळी. ती वाढताना कात टाकत जाते, आणि घडीत सापडणारी ती पोकळ केसाळ टरफलं हीच तिची खूण. पतंगाच्या अळीची खूण म्हणजे रेशमी जाळी आणि वाळूसारखी बारीक विष्ठा. गंमत अशी की त्या विष्ठेचा रंग खाल्लेल्या कापडासारखाच असतो. आमच्या पेटीत लाल कण होते, कारण शाल लाल होती.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. आपल्या साध्वीजी महाराज बारा महिने लोकरीची कांबळी वापरतात. ओघाही लोकरीचाच असतो. आषाढी चौमासीपासून कार्तिकीपर्यंत कांबळीचा काळ सहा घडींचा, म्हणजे 144 मिनिटांचा. कार्तिकीपासून फाल्गुनीपर्यंत चार घडींचा, आणि पुढे दोन घडींचा. म्हणजे ज्या पावसाळ्यात आपल्या पेटीतली लोकर खाल्ली जाते, त्याच पावसाळ्यात त्यांची लोकर सर्वांत जास्त वापरात असते. त्यांच्याजवळ डांबरगोळी नसते आणि पेटीही नसते. तरी त्यांच्या कांबळीला कसर लागल्याचं मी कधी पाहिलं नाही.

याचं कारण पडिलेहण. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात साधूंची समाचारी सांगितली आहे, आणि त्यात वस्त्राचं पडिलेहण कसं करावं याची पद्धत आहे. कापड नीट धरून, घाई न करता, आधी फक्त पाहायचं. मग झटकायचं. मग पुसायचं. हा क्रम बदलायचा नाही. पाहिल्याशिवाय झटकलं तर कापडात असलेला जीव दुखावेल, म्हणून डोळे आधी आणि हात नंतर. पडिलेहण करताना गप्पा मारणारा सहा कायांच्या जिवांचा विराधक होतो, अशी सूचनाही तिथे आहे.

हा नियम कपडे वाचवण्यासाठी सांगितलेला नाही, जीव वाचवण्यासाठी सांगितला आहे. पण कसरीचा स्वभाव त्याच्या शेजारी ठेवून पाहा. या पतंगाला अंधार, स्थिरता आणि न मोडलेली घडी हवी असते. झटकलं की त्याची बरीच अंडी पडतात. उबदार हवेत ती साधारण आठवड्याभरात फुटतात. जे कापड रोज दोनदा उजेडात येतं आणि हलतं, त्यात अंड्यापासून अळीपर्यंतचा प्रवास होतच नाही. म्हणजे जीव मारण्याची वेळच येत नाही. आज संग्रहालयातले लोकही जुन्या लोकरी-रेशमी वस्त्रांसाठी ठरावीक दिवसांनी उघडून पाहणं यालाच पहिलं काम मानतात.

साधूंचा हा रोजचा नियम श्रावकांकडे वर्षाच्या हिशेबाने आला, असं मला वाटतं. त्याचं सर्वांत स्पष्ट रूप आपल्या ज्ञानभांडारांत दिसतं. पोथ्या रेशमी किंवा सुती बासनात बांधलेल्या असायच्या, त्यांत वेखंडाची पुरचुंडी असायची, आणि पावसाळा संपला की कार्तिक शुद्ध पंचमीला भांडार उघडून पोथ्यांना हवा-ऊन दाखवायचे, धूळ पुसायचे, बासनं बदलायचे. मुनी पुण्यविजयजी (1895–1971) यांनी पाटण आणि जैसलमेरची भांडारं पुन्हा लावली आणि पोथ्यांच्या जपणुकीवर विस्ताराने लिहिलं. आज आपण ज्ञानपंचमीला पुस्तकावर वासक्षेप वाहतो आणि घरी येतो. उघडून पाहण्याचा भाग गळून गेला.

घरातल्या पेटीचंही तसंच होतं. जव्हार दीड हजार फुटांच्या आसपास उंचीवर, मोखाड्याचं सूर्यमाळ त्याहूनही उंच. पौष-माघात इथे खरी थंडी पडते, म्हणून आपल्याकडे लोकर आहे. आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून लोकरीला धोका आहे. लोकर दोन-तीन महिने अंगावर असते आणि उरलेले नऊ-दहा महिने अंधारात. रेशमाचं उलटं आहे. लग्नसराई वैशाखात, घामाची. साडी नेसून झाली की महिन्याभरात पाऊस सुरू होतो आणि ती घामासकट पेटीत जाते.

जुन्या कौलारू घरात पेटी माळ्यावर, चुलीच्या बाजूला असायची. चुलीची ऊब आणि धूर माळा कोरडा ठेवायचे. नंतर चूल जाऊन गॅस आला, कौलं जाऊन स्लॅब आला, आणि पेटी ओल येणाऱ्या भिंतीला टेकली. वेखंडाची जागा डांबरगोळीने घेतली.

हा शब्दच तिची जन्मकथा सांगतो. दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना उरणारं डांबर हा कारखान्यांचा टाकाऊ माल होता. त्यातून एक पांढरा, उग्र वासाचा पदार्थ वेगळा झाला, आणि 1821 मध्ये जॉन किड या इंग्रज रसायनतज्ज्ञाने त्याला नॅफ्थलीन हे नाव दिलं. पुढे त्याच्या गोळ्या कपड्यांत ठेवायची रीत जगभर पसरली. गोळी ठेवली की उघडून पाहायला नको, हीच तिची मोहिनी. पाहण्याचं काम आपण गोळीवर सोपवलं.

पण ही गोळी वासाने नुसतं दूर ठेवत नाही. बंद जागेत तिची वाफ दाटली की अळी त्या वाफेने मरते, आणि वाफ विरळ असली तर अळी सुखाने खात राहते. म्हणजे गोळी चालली तर हिंसा, आणि नाही चालली तर साडी जाते. शिवाय ती वाफ आपल्याही श्वासात जाते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात. तान्ह्या बाळाला गोळीच्या वासाच्या शालीत गुंडाळल्याने तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. ही उणीव पिढ्यान्‌पिढ्या हिवताप असलेल्या भागांतल्या लोकांत जास्त आढळते, आणि आपला जव्हार-मोखाडा हा हिवतापाचाच मुलूख. युरोपीय संघात 2008 मध्ये नॅफ्थलीनच्या गोळ्यांची विक्री थांबवली गेली. घरात बाळंतीण येणार असेल तर गोळी ठेवलेली शाल आठवडाभर हवेवर टाकून, धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच बाळाजवळ न्या. ज्या घरात रांगतं मूल आहे, तिथे गोळी ठेवूच नका. मूल ती खाऊ समजून तोंडात घालतं.

आता आमच्या पेटीत काय झालं ते सांगते. मी मागे जाऊन हिशेब लावला. शाल पौषात वापरली आणि होळीनंतर न धुता ठेवली. साडी मी वैशाखात मोखाड्याच्या एका लग्नात नेसले, रात्री उशिरा आले, दुसऱ्या दिवशी घडी करून त्याच पेटीत टाकली. चार डांबरगोळ्या टाकल्या आणि निश्चिंत झाले. पेटीचं झाकण एका कोपऱ्यात वाकलेलं होतं, त्या फटीतून वाफ निघून जात होती. कार्तिकात उघडलं तेव्हा गोळ्यांच्या जागी नुसत्या कागदाच्या पुड्या उरल्या होत्या. मधले सहा महिने कोणी पेटी उघडली नव्हती. इतक्या उबदार, दमट काळात कसरीच्या दोन पिढ्याही होऊ शकतात.

साडीची भोकं पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. लोकर हे कसरीचं खरं अन्न. रेशीम ती सहसा त्यावर घाम, दूध, तूप असं काही सांडलेलं असेल तरच खाते. केसाळ अळी मात्र स्वच्छ रेशीमही खाऊ शकते. आमच्या साडीची चारही भोकं निऱ्यांवरच्या केशरी दुधाच्या डागाभोवती होती. आणि काळी पडलेली जर कोणी खाल्ली नव्हती. लोकरीतून गंधकाचा अंश सुटतो आणि तो चांदीला काळं करतो. पदर शालीला चिकटून होता, तेवढाच भाग काळा होता.

तेव्हापासून आमच्या घरी वर्षातून चार वेळा पेटीचं पडिलेहण होतं. तिथी आपल्याच आहेत.

पहिलं फाल्गुनी चौमासीला, होळीच्या सुमारास. हे लोकरीचं. थंडी संपल्यावर शाली, स्वेटर, कटासणी कोमट पाण्यात रिठ्याने धुऊन, न पिळता, सपाट पसरून सावलीत वाळवायची. वाळल्यावर तास-दोन तास कोवळं ऊन दाखवायचं. कॉलर, खिसे, शिवण आणि कटासण्याची झालर इथे मऊ ब्रश फिरवायचा, कारण अंडी तिथेच असतात. या महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून पूर्ण वाळलेली लोकर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायची असेल तर ती आत्ताच. पावसाळी हवेत तीच पिशवी बंद केली तर ओल आत अडकते आणि बुरशी येते.

दुसरं ज्येष्ठात, पहिल्या पावसाच्या आधी. हे रेशमाचं. इथे आषाढी चौमासीची वाट पाहू नका. आपल्याकडे तोवर भिंती ओलावलेल्या असतात. नेसलेली साडी त्याच आठवड्यात उलटी करून दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवायची. रेशमाला कडक ऊन नको, रंग आणि धागा दोन्ही जातात. डाग असेल तर तो काढल्याशिवाय ती आत जायची नाही. घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडायची. मग जुन्या, स्वच्छ, खळ न घातलेल्या सुती कापडात दोन वेढे देऊन, कडा आत दुमडून बासनासारखं बांधायचं. नुकती फुटलेली अळी केसाएवढ्या फटीतून शिरते, म्हणून कडा उघड्या नकोत. लोकर आणि जर एका पेटीत ठेवायची नाही. पेटी भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर ठेवायची, आणि झाकणाच्या कडेला कापडाची पट्टी लावायची.

तिसरं पर्युषणाच्या आधी. साड्या तशाही बाहेर काढायच्या असतात. उघडीप असलेला दिवस पाहून घरातच, पंख्याखाली सगळी बासनं सोडायची. बाहेर अंगणात नको, हवा ओली असते. हे मधलं पडिलेहण वगळलं तर कसरीला सलग चार-पाच महिने मिळतात, आणि आमची चूक नेमकी इथेच झाली होती.

चौथं ज्ञानपंचमीला. पोथ्यांबरोबर पेटीही उघडायची, बासनांची कापडं धुवायची आणि वेखंड बदलायचं.

वेखंडाबद्दल थोडं. मोठ्या पेटीला साधारण 50 ग्रॅम वाळलेले तुकडे, दोन मलमलच्या पुरचुंड्यांत, पेटीच्या कोपऱ्यांत ठेवायचे. कापडावर थेट ठेवू नका, तेलाचा डाग पडतो. पूड तर नकोच. ते जमिनीतलं मूळ असलं तरी सुंठ-हळदीसारखं वाळलेलं असतं आणि इथे खाण्याचा प्रश्नही नाही. पण वेखंडाने सगळं होतं असं समजू नका. घाण कापडात पडलेली कसर वेखंडाने जात नाही. शिवाय प्रयोगशाळेत त्याच्या तेलाने किड्यांची अंडी धरण्याची शक्ती कमी होते असं दिसलं आहे, म्हणजे तेही अगदी निरुपद्रवी नाही. म्हणून मी ते थोडं वापरते आणि भरवसा पाहण्यावर ठेवते. कडुलिंबाचा पाला घालणाऱ्यांनी तो कडकडीत वाळवून घालावा. ओलसर पाल्याने साडीला बुरशी आलेली मी पाहिली आहे.

कपाटाबाहेरही पाहायला हवं. केसाळ अळीचं मूळ घर म्हणजे पक्ष्यांची घरटी, मेलेले किडे, कोपऱ्यातले केस. पिल्लं उडून गेल्यावर कौलाखालचं रिकामं घरटं जयणेने उतरवा. विंचरलेले केस कपाटाखाली साचू देऊ नका. पूजेच्या फुलांची परडी कपड्यांच्या खोलीत ठेवू नका, परागासाठी येणारा भुंगेरा तिथूनच घडीत जातो.

इतकं करूनही जीव सापडलेच तर? ते कापड एकटं वेगळं करा, नाहीतर इतर कपड्यांतही ते पसरतात. अंगणात सावलीत पांढरी चादर अंथरून, आधी पाहून, मग हलक्या हाताने झटका. आमचं कटासणं वाचण्यासारखं नव्हतं. त्याची खाल्लेली कड सासूबाईंनी कापली आणि अळ्यांसकट पडवीमागच्या लाकडाच्या ढिगाआड कोरड्या जागी परठवली. "त्यांचं खाणं त्यांच्याजवळ राहू दे," म्हणाल्या. उरलेला भाग पुन्हा झटकून, दर आठ दिवसांनी दोन महिने तपासला. एकदा झटकून भागत नाही, कारण राहिलेली अंडी मागून फुटतात. संग्रहालयात अशा वस्तू कडक थंडीत गोठवतात आणि त्यात अंड्यांसह सगळं मरतं. तो उपाय पक्का आहे, पण मी तो करत नाही. ज्यांच्या घरी सगळं कपाटच लागलं आहे, त्यांनी काय करावं हे मी सांगणार नाही. आपल्या गुरुमहाराजांना विचारा.

रेशमाबद्दल एक शेवटचं. 1974 मध्ये पुण्यात ब्यूटी विदाउट क्रुएल्टीची भारतीय शाखा सुरू झाली आणि कोशातले जीव कसे जातात हे घरोघरी कळलं. त्यानंतर आपल्यातल्या अनेकींनी रेशीम घेणं सोडलं. मीही घेत नाही. पण आजेसासूबाईंची साडी त्याआधीची आहे. तिच्यासाठी जीव एकदा गेले. तिच्या घडीत पुन्हा जीव जन्मून मरू नयेत, एवढं तरी माझ्या हातात आहे. चार भोकांना आतून मलमलचा तुकडा लावून सासूबाईंनी ती रफू केली आहे, आणि ती आता वेगळ्या बासनात असते.

सासूबाईंना नवं कटासणं आणलं. ते पेटीत जात नाही. रोज सामायिकाला उघडलं जातं, त्यामुळे त्याला कसर लागायची भीती नाही. जुन्याचा उरलेला तुकडा माझ्याकडे आहे. चार तिथींना मी तो आधी पाहते, मग झटकते, मग पुसते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.